कुंदा, करदंट, फरसाण आणि मांडे : वृद्धी-हिस्सा सारणीवर आधारित गुंतवणूक निर्णयाचे एक प्रकरण

बेळगावात मिठाई तयार करून विकणारे एक कुटुंब या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आहे. कारखाना उद्यमबागेजवळ, मुख्य दुकान शहरात आणि एक लहान विक्रीकेंद्र महामार्गावर, अशी त्याची रचना आहे. हा व्यवसाय आणि त्याचे आकडे अभ्यासासाठी कल्पिलेले आहेत. मात्र ज्या बाजारपेठांचा उल्लेख येतो त्या, आणि माल ज्या वाटांनी जातो त्या वाटा, खऱ्या आहेत. व्यवसायाची वार्षिक विक्री सुमारे 5 कोटी 70 लाख रुपये आहे. चालू वर्षाचा सर्व खर्च, कर्जाचा हप्ता आणि घरातील उचल वजा जाता गुंतवणुकीसाठी 40 लाख रुपये हाती राहतात, तर वेगवेगळ्या विभागांच्या मागण्यांची बेरीज 70 लाखांवर जाते. नव्या दालनासाठी 25 लाख, कुंदा हवाबंद भरण्याच्या यंत्रासाठी 12 लाख, फरसाणाच्या मोठ्या तळणयंत्रासाठी 15 लाख आणि करदंटाच्या कापणी-वेष्टण यंत्रासाठी 18 लाख अशा या मागण्या आहेत. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाकारायचे, एवढाच प्रश्न आहे.

बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपचे संस्थापक ब्रूस हेंडरसन यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेली वृद्धी-हिस्सा सारणी नेमक्या याच प्रश्नासाठी तयार झाली होती. तिच्या उभ्या अक्षावर बाजाराच्या वाढीचा वार्षिक दर असतो आणि आडव्या अक्षावर सापेक्ष बाजारहिस्सा, म्हणजे आपली विक्री भागिले सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याची विक्री. प्रचलित पद्धतीत वाढीची रेषा 10 टक्क्यांवर आणि हिश्शाची रेषा 1 वर आखतात. वाढ आणि हिस्सा दोन्ही जास्त असल्यास उत्पादन ‘तारा’ ठरते, वाढ कमी व हिस्सा जास्त असल्यास ‘दुभती गाय’, वाढ जास्त व हिस्सा कमी असल्यास ‘प्रश्नचिन्ह’ आणि दोन्ही कमी असल्यास ‘कुत्रा’. यामागे दोन गृहीतके आहेत. वाढता बाजार रोकड खातो, कारण त्यासोबत राहायचे तर यंत्रे, साठा आणि उधारी वाढवावी लागते; आणि मोठा हिस्सा रोकड देतो, कारण जो सर्वांत जास्त माल बनवतो त्याचा प्रति किलो खर्च अनुभवाने सर्वांत कमी झालेला असतो. आजवरचे एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रति नग खर्च साधारण 20 ते 30 टक्क्यांनी उतरतो, असे त्या काळच्या उद्योगांच्या अभ्यासातून मांडले गेले होते. दुसरे गृहीतक मिठाईला कितपत लागू पडते, हे पुढे तपासावे लागेल.

पहिल्या मांडणीतील दोष

घरातील पुतण्याने, जो बी.बी.ए.च्या शेवटच्या वर्षात होता, हिशेबवहीवरून पहिली सारणी काढली तेव्हा कुंदा ‘तारा’ म्हणून वर आला. विक्री 3 कोटी 60 लाख, सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याची अंदाजे 3 कोटी, म्हणजे सापेक्ष हिस्सा 1.2, आणि शहरातील कुंद्याच्या बाजाराची वाढ 11 टक्के. ताऱ्यात पैसे ओतावेत या नियमाने 25 लाखांच्या दालनाला पहिला मान मिळत होता.

ही 11 टक्के वाढ रुपयांतील होती. त्या वर्षात दूध आणि साखर महागल्याने कुंद्याचा भाव किलोला 400 रुपयांवरून 430 रुपयांवर, म्हणजे साडेसात टक्क्यांनी, चढला होता. 1.11 ला 1.075 ने भागले की 1.033 येते, किलोंमध्ये बाजार जेमतेम 3 टक्क्यांनी वाढला होता. भाववाढीने फुगलेली वाढ सारणीत चालत नाही, कारण वाढीचा अक्ष मुळात नवी क्षमता किती उभारावी लागेल हे सांगण्यासाठी आहे आणि महागलेल्या दुधासाठी नवी कढई लागत नाही. उभा अक्ष किलोंत मोजताच कुंदा ‘तारा’ या चौकटीतून ‘दुभती गाय’ या चौकटीत उतरला आणि दालनाच्या मागणीचा आधार गेला. हा दोष पकडण्याची सोपी खूण अशी की, वाढीचा दर आणि भाववाढीचा दर शेजारी लिहावेत आणि दोन्ही जवळजवळ असतील तर सारणी पुन्हा काढावी.

दुसरा दोष बाजाराच्या सीमेचा होता, आणि या सबंध प्रकरणात सर्वांत जास्त विचार त्यालाच द्यावा लागतो. बेळगावच्या व्यापाऱ्याची बाजारपेठ राज्याच्या नकाशाप्रमाणे चालत नाही. चंदगड तालुका महाराष्ट्रात आहे, पण तेथील माणूस लग्नाच्या खरेदीला बेळगावात येतो. निपाणी कर्नाटकात आहे, पण तेथील ग्राहकाला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडते. आणि चोर्ला घाट उतरला की गोव्याची दुकाने लागतात. त्यामुळे जीएसटीच्या विवरणपत्रात राज्यनिहाय दिसणारी विक्री घेऊन ‘कर्नाटकातील बाजार’ आणि ‘बाहेरचा बाजार’ अशी फोड करणे सोयीचे असले तरी चुकीचे ठरते.

मग सीमा कशावरून आखायची? येथे एक कसोटी उपयोगी पडली. ग्राहक आपल्याकडे आला नसता तर त्याने त्या क्षणी दुसरे काय घेतले असते? बेळगावच्या बसस्थानकावर उतरलेला चंदगडचा किंवा खानापूरचा माणूस एका दुकानात कुंदा मिळाला नाही तर दुसऱ्या दुकानातून कुंदाच घेतो. त्याच्यापुरता प्रतिस्पर्धी म्हणजे बेळगावचा दुसरा कुंदावाला, मग ग्राहकाचे गाव कोणत्याही राज्यात असो. पण कोल्हापुरातील किंवा पणजीतील दुकानाच्या फळीवर ठेवलेला कुंद्याचा डबा पेढा, बर्फी आणि काजूकतलीच्या डब्यांशी स्पर्धा करतो. तेथील ग्राहक ‘भेट द्यायला काहीतरी गोड’ शोधत असतो. शिवाय सुटा कुंदा थोडे दिवसच टिकतो, तर बाहेर पाठवायच्या कुंद्याला टिकाऊपणा, वेष्टण आणि वितरकाचे कमिशन लागते. ग्राहक वेगळा, प्रतिस्पर्धी वेगळा आणि खर्चाची घडणही वेगळी असल्यामुळे एकाच कढईतून निघालेला कुंदा सारणीत दोन स्वतंत्र व्यवसाय-घटक म्हणून मांडणे भाग पडले.

दुसरी मांडणी

प्रतिस्पर्ध्यांची विक्री कोणी सांगत नाही. ती बाजूने काढावी लागते. मिठाईचे डबे छापणाऱ्याला कोणाचे किती डबे गेले ते माहीत असते, खवा आणि दूध पुरवणाऱ्याला कोणाकडे किती माल उतरतो ते माहीत असते, आणि दोघांचे आकडे एकमेकांशी जुळले तर अंदाजावर भरवसा ठेवता येतो. तरीही 15 टक्क्यांपर्यंतची चूक धरून चालणे शहाणपणाचे आहे. खालील तक्त्यात विक्री लाख रुपयांत, वाढ किलोंवरून काढलेली आणि रोकड म्हणजे त्या घटकाने वर्षभरात दिलेली किंवा खाल्लेली निव्वळ रक्कम आहे.

| घटक | आपली विक्री | मोठ्या प्रतिस्पर्ध्याची | सापेक्ष हिस्सा | बाजाराची वाढ | रोकड |
|---|---|---|---|---|---|
| कुंदा (दुकानातील) | 320 | 280 | 1.14 | 3% | +52 |
| कुंदा (डबाबंद, बाहेरगावी) | 40 | 400 | 0.10 | 14% | −2 |
| करदंट | 60 | 120 | 0.50 | 18% | −9 |
| फरसाण | 120 | 480 | 0.25 | 11% | −5 |
| मांडे | 30 | 40 | 0.75 | 2% | +4 |

या तक्त्यात ‘तारा’ एकही नाही. आज मोठी रोकड देणारा घटक एकच आहे आणि उद्या त्याची जागा घेईल असा कोणी तयार झालेला नाही. छोट्या कौटुंबिक व्यवसायांत हे चित्र अपवादात्मक नसावे, कारण तेथे चालणाऱ्या मालाचा पैसा सवयीने त्याच मालात परत जातो.

दुकानातील कुंद्याचा सापेक्ष हिस्सा 1.14 आहे आणि प्रतिस्पर्ध्याच्या विक्रीचा अंदाज 15 टक्क्यांनी चुकला असेल, तर तो 0.99 ते 1.34 यांच्यामध्ये कोठेही असू शकतो. म्हणजे चौकटीची रेषा अंदाजाच्या चुकीच्या पट्ट्यातूनच जाते, आणि सारणी शब्दशः वाचणारा विद्यार्थी येथे अडतो, 0.99 आल्यास हाच कुंदा ‘कुत्रा’ म्हणायचा काय? मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा अंदाज काहीही आला तरी या घटकाने 52 लाख रोकड दिली, हे स्वतःच्या वहीतून निश्चितपणे कळते. हिस्सा हा रोकड ओळखण्याचा आडवाटेचा मार्ग आहे; रोकड प्रत्यक्ष मोजता येत असेल तेथे तिलाच आधी विचारावे. त्यामुळे 1.14 की 0.99 या वादाने निर्णय बदलत नाही.

दोन प्रश्नचिन्हांची तुलना

निर्णयाचा गाभा करदंट आणि फरसाण यांच्या तुलनेत आहे. दोन्ही ‘प्रश्नचिन्ह’ आहेत आणि दोन्हींत पैसे घालता येत नाहीत. सारणी एवढेच सांगते की प्रश्नचिन्हाला एकतर भरपूर द्यावे किंवा काहीच देऊ नये. थोडे थोडे दिले तर बाजाराचा वेग मंदावल्यावर ते ‘कुत्रा’ होऊन बसते. कोणाला द्यावे हे ती सांगत नाही, म्हणून पुढचे गणित स्वतंत्रपणे करावे लागते.

चार वर्षांत आघाडीच्या प्रतिस्पर्ध्याला गाठायचे असे धरू, आणि तो बाजाराच्या वेगानेच वाढतो असेही धरू. सर्व रकमा आजच्या भावांत आहेत. फरसाणातील 480 लाखांचा प्रतिस्पर्धी 11 टक्क्यांनी चार वर्षांत सुमारे 729 लाखांवर जाईल. 120 लाखांवरून तेथे पोहोचायला दरवर्षी 57 टक्के वाढ लागेल. करदंटातील 120 लाखांचा प्रतिस्पर्धी 18 टक्क्यांनी सुमारे 233 लाखांवर जाईल. 60 लाखांवरून तेथे पोहोचायला दरवर्षी 40 टक्के वाढ लागेल. 40 टक्के सोपे नाहीत, पण 57 टक्के या कारखान्याच्या आवाक्यातच नाहीत.

फरसाणाची अडचण केवळ वेगाची नाही. मोठे उत्पादक तेल आणि बेसन ट्रकभर घेतात, सलग चालणाऱ्या तळणयंत्रावर माल काढतात, आणि अनुभवाने खर्च उतरण्याचा नियम तेथे खरोखर काम करतो. शिवाय 11 टक्के ही वाढ 10 टक्क्यांच्या रेषेला इतकी लागून आहे की अंदाज थोडा चुकला तरी फरसाण प्रश्नचिन्ह न राहता सरळ ‘कुत्रा’ या चौकटीत जाईल. 15 लाखांचे तळणयंत्र घेतले तरी अंतर मिटणार नव्हते.

गोकाकचे नाव ज्याच्याशी जोडलेले आहे त्या करदंटाची गोष्ट वेगळी आहे. डिंक, गूळ, खजूर, सुके खोबरे आणि काजू-बदाम यांचा हा पदार्थ कुंद्याच्या तुलनेत पुष्कळ दिवस टिकतो, प्रवासात फुटत नाही आणि गोव्यापासून पुण्यापर्यंत शीतगाडीशिवाय जातो. मात्र येथे सारणीच्या दुसऱ्या गृहीतकाला मर्यादा पडते. करदंटाच्या खर्चात कच्चा माल सुमारे 65 टक्के आहे आणि काजूचा भाव आपल्या अनुभवाने कमी होत नाही. अनुभवाचा लाभ उरलेल्या 35 टक्क्यांवर, म्हणजे मजुरी, कापणीतील तूट, वेष्टण आणि वाहतूक यांवरच मिळतो. उत्पादन दुप्पट झाल्यावर या भागात 20 टक्के बचत झाली तरी एकूण खर्च 7 टक्क्यांनीच उतरेल. म्हणून आघाडी मिळाल्यावर करदंट आजच्या कुंद्याइतकी रोकड देईल, अशी अपेक्षा धरू नये.

या कारणाने पैसे परत येण्याचा हिशेब वेगळा करावा लागला. प्रति रुपया विक्रीमागे कच्चा माल आणि इतर बदलता खर्च वजा जाता 22 पैसे उरतात. विक्री 40 टक्क्यांनी वाढली तर ती 60 वरून 84, 118, 165 आणि 231 लाख होईल. म्हणजे आजच्यापेक्षा अधिकची विक्री चार वर्षांत एकूण 358 लाख आणि त्यातून सुमारे 79 लाख मिळतील. खर्चाच्या बाजूला यंत्राचे 18 लाख, दुकानदारांना द्यावे लागणारे जादा कमिशन आणि जाहिरात मिळून चार वर्षांचे 16 लाख, तसेच वाढीव साठा आणि उधारी यांत अडकणारे सुमारे 34 लाख, असे 68 लाख होतात. सुका मेवा हंगामात घेऊन ठेवावा लागतो आणि बाहेरगावचा दुकानदार महिन्याने पैसे देतो, म्हणून हा 34 लाखांचा आकडा यंत्राच्या किमतीपेक्षाही मोठा आहे. गुंतवणुकीचे प्रस्ताव तयार करताना नवख्यांच्या नजरेतून निसटतो तो हाच. 79 मधून 68 वजा जाता चौथ्या वर्षाअखेर 11 लाख शिल्लक दिसतात. वाढ 25 टक्केच राहिली तर मिळकत 42 लाख आणि खर्च 51 लाख होतो, म्हणजे चार वर्षांत पैसे परत येत नाहीत.

वेगळा हिशेब आवश्यक असण्याला संशोधनाचाही आधार आहे. आर्मस्ट्राँग आणि ब्रॉडी यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागींना दोन प्रकल्पांतून एक निवडायला सांगितले होते, आणि ज्यांनी ही सारणी वापरून विचार केला त्यांच्यापैकी बहुतेकांनी कमी नफ्याचा प्रकल्प निवडला. चौकटीचे नाव कानावर पडले की माणूस आकड्याकडे पाहायचे सोडतो, असा त्याचा अर्थ मी घेतो.

मांड्यांचा प्रश्न

मांडे कमी वाढीचे आणि कमी हिश्शाचे, म्हणून पाठ्यपुस्तकाच्या नियमाने ते बंद करावेत असे पुतण्याने सुचवले. त्यावर काकांचे उत्तर थोडक्यात होते : “अरे, मांडे बंद केलेस तर लग्नाची ऑर्डर घेऊन माणूस आपल्याकडे येईल कशाला?” पुतण्या म्हणाला, “काका, मग बिले काढून पाहू या.” लग्नसराईची बिले चाळली तेव्हा मांड्यांच्या दर दहा ऑर्डरींपैकी सहांमध्ये कुंदा आणि फरसाणही असल्याचे आढळले. पातळ पुरणपोळीपेक्षाही नाजूक असा हा पदार्थ उलट्या भांड्यावर भाजणाऱ्या कारागीर बायका मोजक्या आहेत, त्यामुळे तो वाढवता येत नाही. पण त्याच्यामुळे दुभत्या गायीची विक्री टिकते आणि तो स्वतःही वर्षाला 4 लाख देतो. सारणी प्रत्येक घटकाला एकटा समजते, एकाच बिलावर आलेले दोन पदार्थ तिला दिसत नाहीत. म्हणून मांड्यांना नवी गुंतवणूक न देता ते आहेत तसे चालू ठेवायचे ठरले. फरसाणाबाबतही बिलांनी हेच सांगितले : ते दुकानापुरते ठेवावे, बाहेरच्या किराणा दुकानांना उधारीवर पुरवठा करणे थांबवावे. रोकड खाणारा भाग नेमका तोच होता.

निर्णय

40 लाखांपैकी 30 लाख करदंटाला देण्यात आले, 18 लाख यंत्रासाठी आणि 12 लाख पहिल्या वर्षीच्या साठ्यासाठी व उधारीसाठी. दुकानातील कुंद्याला दालन नाकारून 6 लाख दिले गेले. त्यातून जुना बाष्पक बदलायचा आणि महामार्गावरील विक्रीकेंद्राची डागडुजी करायची. गायीचे दूध काढताना तिचा चारा तोडला तर 52 लाखांचा आकडाच घसरतो, आणि मोठा प्रतिस्पर्धी केवळ 40 लाखांनी मागे आहे. डबाबंद कुंद्याच्या यंत्राला 12 लाख देण्याऐवजी 4 लाख ठेवले, कारण आधी भाड्याच्या यंत्रावर नायट्रोजन भरून पाकिटे तयार करावीत आणि पणजी व कोल्हापूर येथील काही दुकानांत चव, रंग व साखरेचे कण किती दिवस बिघडत नाहीत ते पाहावे, असे ठरले. 0.10 हिश्शाच्या घटकात टिकाऊपणा सिद्ध होण्याआधी यंत्र घेणे घाईचे ठरले असते.

करदंटासाठी थांबण्याची अटही आधीच लिहून ठेवली आहे. दुसऱ्या वर्षाअखेर आजच्या भावांत विक्री 118 लाख अपेक्षित आहे आणि 25 टक्क्यांच्या वाटेवर ती 94 लाखच होईल. म्हणून त्या वेळी 100 लाखांच्या खाली आकडा राहिला तर साठ्यासाठी पुढची रक्कम द्यायची नाही, यंत्र दुकानाच्या मालापुरते चालवायचे आणि तो पैसा डबाबंद कुंद्याच्या चाचणीचे निकाल पाहून तिकडे वळवायचा. ही अट काकांनी हिशेबवहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावली, पुतण्याच्या अहवालात नाही.